मेगावॉट मोजता, तशी माणसंही मोजा

प्रति,
मा. ऊर्जामंत्री आणि मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र शासन;
मा. पालकमंत्री, जळगाव आणि धुळे जिल्हे;
मा. मुख्य अभियंता, महावितरण, जळगाव परिमंडळ



मी खानदेशातल्या एका शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री या व्यवसायाचा शिल्पनिदेशक आहे. निकाल लागला की मुलं आणि त्यांचे वडील येतात आणि एकच विचारतात, "सर, सोलरला घालू का पोराला? तिकडे लई भरती निघणार म्हणे." त्यांनी पेपरात वाचलेलं असतं की आपल्या तालुक्यात इतके मेगावॉट येणार आणि इतक्या हजारांना रोजगार मिळणार. मेगावॉटचा आकडा खरा असतो, कारण त्याचा करार झालेला असतो. रोजगाराचा आकडा मात्र कुठून आला, त्यातली किती कामं चार-सहा महिन्यांची आणि किती वीस-पंचवीस वर्षांची, हे त्या बातमीत कधीच नसतं. पोराचं आयुष्य ज्यावर ठरायचं ती फोड नेमकी तीच. ती करण्यासाठी लागणारी कागदपत्रं आपल्या कार्यालयांत आहेत, म्हणून हे पत्र.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला ५ मेगावॉटचा एक प्रकल्प घेऊ. असे प्रकल्प आपल्याकडे उपकेंद्राजवळच्या पडीक किंवा गायरान जमिनीवर उभे राहत आहेत. जमीन साधारण वीस एकर, त्यावर आजच्या साडेपाचशे वॉटच्या जातीची बारा हजारांच्या आसपास पॅनेलं. आधी जमीन सपाट होते, मशीनने लोखंडी खांब ठोकले जातात, त्यावर सांगाडा, सांगाड्यावर पॅनेल, मग केबल, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि उपकेंद्रापर्यंतची ११ केव्हीची लाइन. विद्युत निरीक्षकाची परवानगी मिळाली की प्रकल्प सुरू होतो. या काळात त्या माळावर गर्दी असते आणि गावाला वाटतं की कारखानाच आला. प्रकल्प सुरू झाला की दुसऱ्या महिन्यात तिथे दोन पहारेकरी, पॅनेल धुणारी दोन-चार माणसं आणि एक तंत्रज्ञ उरतो. तो तंत्रज्ञही बऱ्याचदा मोटारसायकलवर आणखी दोन-तीन प्रकल्प सांभाळत असतो.

याचं मोजमाप झालेलं आहे. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांनी हरित रोजगार कौशल्य परिषदेबरोबर प्रत्यक्ष कंपन्यांकडून माहिती घेऊन हिशेब मांडला होता. एका माणसाचं एक वर्षाचं पूर्णवेळ काम म्हणजे एक मनुष्यवर्ष असं धरलं, तर जमिनीवरच्या सौर प्रकल्पात दर मेगावॉटला एकूण ३.४५ मनुष्यवर्षं काम निघतं. त्यातलं २.७० उभारणीचं आणि ०.५० देखभालीचं, बाकीचं आखणी आणि कागदपत्रांचं. आपल्या ५ मेगावॉटला लावून पाहा. उभारणीचं काम साडेतेरा मनुष्यवर्षांचं. ते सहा महिन्यांत उरकलं तर सत्तावीस माणसं लागली आणि सहा महिन्यांनी ती मोकळी झाली. देखभालीला अडीच माणसं, पण ती पंचवीस वर्षं. हे आकडे काही वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा पॅनेलं लहान होती, एका मेगावॉटला जास्त पॅनेलं बसवावी लागत. आज उभारणीला त्याहून कमीच हात लागत असणार.

आता घोषणेतला रोजगाराचा आकडा या हिशेबाशेजारी ठेवा. सहा महिन्यांचे सत्तावीस आणि पंचवीस वर्षांचे अडीच एकाच बेरजेत घातले की जवळपास तीस रोजगार होतात. बेरीज चुकीची नाही, पण तिच्यावरून बापाने एक एकर विकून पोराची डिप्लोमाची फी भरली, तर त्याची फसगत झाली असंच मी म्हणेन.

उभारणीच्या कामाचा आणखी एक गुण आहे, तो नीट पाहिल्याशिवाय कोणती नोकरी खरोखर वाढते आहे हे कळत नाही. उभारणीचं काम या वर्षी किती नवे मेगावॉट लागले यावर चालतं. आजवर एकूण किती लागले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. जिल्ह्यात या वर्षी तीनशे मेगावॉट लागले आणि पुढच्या वर्षीही तीनशेच लागले, तर पेपरात "क्षमता दुप्पट झाली" असं येईल, पण उभारणीच्या नोकऱ्या एकानेही वाढलेल्या नसतील. तिसऱ्या वर्षी दोनशे लागले, तर क्षमता तरीही वाढलेली असेल आणि एक तृतीयांश मुलं घरी बसलेली असतील. देखभालीचं काम उलटं, एकूण उभ्या मेगावॉटवर चालतं, त्यामुळे ते हळू वाढतं आणि सहसा मागे येत नाही.

हे नुसतं गणित वाटू नये. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर ते घडून गेलेलं आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत धुळे आणि नंदुरबारच्या माळांवर पवनचक्क्या झपाट्याने उभ्या राहिल्या. त्या काळात गुंतवणूकदाराला पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत घसारा दाखवून आयकर वाचवता येत होता, आणि चक्क्यांमागे पैसा आला तो मुख्यतः त्या सवलतीसाठी. रस्ते, पाया, क्रेन, अवजड ट्रेलर, सगळीकडे काम होतं. मार्च २०१२ मध्ये ती सवलत काढली गेली. २०१४ मध्ये परत दिली, पण २०१७ पासून पवनऊर्जेचे लिलाव सुरू झाले आणि पहिल्याच लिलावात दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्या दरात परवडायला वारा फार चांगला लागतो. नवे प्रकल्प गुजरात आणि तमिळनाडूकडे वळले. साक्रीचा वारा होता तोच राहिला, बदलला तो कर आणि दर. उभारणीतली पोरं पांगली. टिकले ते चक्कीवर चढून गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि पिचची दुरुस्ती करणारे. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. त्यालाही वरचं प्रमाण लावलं तर कायम काम साठ-बासष्ट माणसांचं निघतं. एका तालुक्यात असे साठ पगार मोलाचे आहेत. ते साठ आहेत, हजारो नाहीत, एवढं आधी सांगितलं की पोरं आपापला विचार करतात.

चक्क्यांबद्दल हल्ली पुन्हा आशा दाखवली जाते, कारण जुन्या चक्क्या काढून मोठ्या बसवण्याचं केंद्राचं सुधारित धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आलं. सव्वा मेगावॉटच्या पाच चक्क्या काढल्या तर तेवढ्याच क्षमतेसाठी तीन मेगावॉटच्या दोन पुरतात. काही महिने क्रेनवाल्यांना काम मिळेल, पण देखभालीची यंत्रं पाचावरून दोनावर येतील. यात खानदेशात नोकऱ्या वाढतील असं मी माझ्या मुलांना सांगणार नाही.

मग वाढतं काय? माझ्या डोळ्यांसमोर तीन कामं आहेत, आणि तिन्ही बातमीत येत नाहीत.

पहिलं काम डीसी बाजूचा दोष शोधणाऱ्या तंत्रज्ञाचं. पॅनेल चढवणारा महिनाभरात तयार होतो; हा तसा होत नाही. एक उदाहरण देतो. मोठ्या प्रकल्पात अठ्ठावीस पॅनेलं एकापुढे एक जोडून एक स्ट्रिंग होते. एका पॅनेलचा खुला दाब कागदावर ४९.५ व्होल्ट, म्हणजे स्ट्रिंगचा १,३८६ व्होल्ट. मे महिन्यात भर दुपारी भुसावळच्या माळावर मोजा, मीटर साधारण १,२२० दाखवेल. नवशिका म्हणतो दोन-तीन पॅनेलं गेली. तसं काही नसतं. कागदावरचा आकडा २५ अंशाचा आहे, त्या वेळी पॅनेल ७० अंशाला तापलेलं आहे आणि दर अंशाला दाब पाव टक्क्याहून जरा जास्त उतरतो. पंचेचाळीस अंशांचा फरक म्हणजे बारा टक्के उतार. स्ट्रिंग ठणठणीत आहे. शेजारच्या स्ट्रिंगला त्याच वेळी १,२०५ आलं, तर मात्र थांबायचं. पंधरा व्होल्ट म्हणजे एका पॅनेलचा तिसरा हिस्सा, म्हणजे कुठल्या तरी पॅनेलमागचा एक बायपास डायोड शॉर्ट झाल्याचा संशय. त्रेचाळीसने कमी असेल तर एक अख्खं पॅनेल बाहेर पडलं आहे. दाब बरोबर आणि प्रवाह कमी असेल तर धूळ, सावली किंवा तडा. हे कळणारा मुलगा पंधरा मिनिटांत दोष शोधून काढतो. न कळणारा दिवसभर पॅनेलं सोडत-जोडत बसतो आणि कनेक्टर ढिले करून ठेवतो. कनेक्टर योग्य हत्याराने न दाबता पकडीने चेपला, तर तो पहिल्या दिवशी चालतो. दोन उन्हाळ्यांनी तिथे काजळी धरते आणि पुढे ठिणगी पडते. उभारणी घाईत झालेल्या प्रकल्पांत हे दोष तिसऱ्या-चौथ्या वर्षी वर येतात. म्हणजे आज जे प्रकल्प उभे राहत आहेत, त्यांना या मुलाची खरी गरज आणखी दोन-तीन वर्षांनी लागणार आहे.

आमच्या कार्यशाळेत हे शिकवायला काय हवं? सहा-आठ पॅनेलांची खरी स्ट्रिंग, १,५०० व्होल्ट डीसीला चालणारा मीटर, डीसीचा मेगर, योग्य क्रिम्पिंग हत्यार आणि मुद्दाम बिघडवलेली दोन पॅनेलं. ही यादी मोठी नाही. इमारतीवर सोलर बसवल्याचा फलक लावण्याआधी ही यादी मंजूर करा. ज्या कंपन्यांनी आपल्याशी करार केले त्यांच्याकडे वाहतुकीत फुटलेली पॅनेलं पडून असतात. ती शिकायला चालतात.

दुसरं काम सौर पंपाच्या दुरुस्तीचं. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण खानदेशात सर्वांत जास्त काम इथे आहे आणि सर्वांत जास्त अडवणूकही इथेच आहे. ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ४,८०० वॉटची पॅनेलं, एक कंट्रोलर आणि बोअरमधली मोटर. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण गटातला शेतकरी १० टक्के हिस्सा भरतो आणि पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची असते. पाच वर्षांनंतर काय? २०१८ च्या अखेरीस जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेत लाखभर पंपांचं उद्दिष्ट होतं. त्यातले सुरुवातीचे पंप आता हमीबाहेर जात आहेत, आणि दर वर्षी नवी खेप हमीबाहेर येत राहणार आहे. हे काम उभ्या संख्येवर चालतं, गावात मिळतं, आणि ते करायला पुण्याला जावं लागत नाही.

रावेर-यावलच्या केळीला मे महिन्यात तीन दिवस पाणी चुकलं की घडाला फटका बसतो. त्या वेळी कंट्रोलरच्या पडद्यावर दोषाचा आकडा दिसतो आणि पंप बंद. पाणी खाली गेल्याने ड्राय रनचं संरक्षण पडलं, विजेच्या कडकडाटात सर्ज अरेस्टर गेला, उंदराने केबल कुरतडली, की आत पॉवर मॉड्यूलच जळालं? पहिल्या तिन्हींवर आमचा मुलगा तासाभरात तोडगा काढू शकतो. पण आकड्याचा अर्थ सांगणारं पुस्तक शेतकऱ्याकडे नसतं, सेटिंगला पासवर्ड असतो, आणि सुटा भाग बाजारात मिळत नाही. आमचा एक माजी विद्यार्थी चोपड्याकडे हेच काम करतो. एका पंपावर ड्राय रनची मर्यादा फक्त बदलायची होती. पासवर्डसाठी त्याने पुरवठादाराच्या सेवा केंद्राला फोन केले. उत्तर आलं की आमचाच माणूस येईल. माणूस आला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. शेतकऱ्याने तोवर शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी विकत घेतलं.

माझी मागणी साधी आहे. पंपाच्या पुढच्या निविदेत चार ओळी घाला. प्रत्येक कंट्रोलरच्या दोषांची यादी मराठीत पेटीच्या झाकणाआत चिकटवायची. हमी संपली की सेटिंगचा पासवर्ड शेतकऱ्याला द्यायचा. सर्ज अरेस्टर, फ्यूज, कनेक्टर हे भाग प्रमाणित आकाराचे वापरायचे. आणि सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी छापील किमतीला मिळाले पाहिजेत. यात शासनाचा पैसा लागत नाही. या चार ओळींमुळे एका तालुक्यात जितकी पोरं स्वतःच्या पायावर उभी राहतील, तितकी नोकरी मेळाव्यांतून राहत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं काम अभियंत्यांचं आणि उपकेंद्राचं आहे. वीज आतापर्यंत वरून खाली येत होती. आता दुपारी ११ केव्हीच्या बसवर सौर प्रकल्प वीज ओततो. पावसाळ्यात पंप बंद असतात, वीज खपत नाही, ती उलटी वर चढते, दाब वाढतो आणि इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. लाइन गेली तर सूर्य असूनही प्रकल्प बंदच ठेवावा लागतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून रिलेची सेटिंग, संरक्षणाची चाचणी, ट्रान्सफॉर्मरच्या टॅपचं नियोजन, स्काडाची जोडणी ही कामं प्रत्येक अशा उपकेंद्रात नव्याने आली. वरच्या पातळीवर धुळे हे तर देशाच्या जाळ्याचं मोठं नाकं आहे. वडोदऱ्याहून, खंडव्याहून आणि संभाजीनगरकडून येणाऱ्या ७६५ केव्हीच्या वाहिन्या तिथे भेटतात. रिले टेस्टिंग येणाऱ्या अभियंत्याला सौर, पवन, औष्णिक, कशातही काम आहे. दीपनगरच्या ६६० मेगावॉटच्या संचालाही तोच लागतो. याउलट सौर प्रकल्पाचं डिझाइन शिकवणारे महागडे वर्ग जळगाव-धुळ्यात निघाले आहेत. एक डिझाइन अभियंता पुण्यात बसून असे कितीतरी प्रकल्प आखतो, आणि एकाच मापाचे प्रकल्प असले की जुनाच नकाशा थोडा बदलून चालतो. त्या पदाची संख्या मेगावॉटबरोबर वाढत नाही. महावितरणने आपल्या चाचणी विभागात आणि या उपकेंद्रांत किती पदं वाढवली, हे मुख्य अभियंत्यांनी जाहीर करावं, ही माझी त्यांना विनंती आहे. काम वाढलं आणि पदं तेवढीच राहिली, तर तो भार आहे त्याच यंत्रचालकावर पडतो.

घरांवरच्या सोलरबद्दल लिहिणं भाग आहे, कारण तिथला आकडा सर्वांत मोठा दिसतो. सीईईडब्ल्यू-एनआरडीसीच्या त्याच अभ्यासात छतावरच्या एका मेगावॉटला २४.७२ मनुष्यवर्षं निघाली होती, जमिनीवरच्या सातपट. ते समजण्यासारखं आहे: तीन किलोवॉटची तीनशे तेहतीस घरं म्हणजे एक मेगावॉट, आणि प्रत्येक घराची पाहणी वेगळी, छत वेगळं, नेट मीटरचा अर्ज वेगळा. काम पसरलेलं आणि स्थानिक आहे, म्हणून मी मुलांना त्यात जायला सांगतो. पण त्यातही देखभालीचा वाटा अर्ध्याच मनुष्यवर्षाचा आहे, आणि आजची मागणी सूर्य घर योजनेच्या ७८ हजारांपर्यंतच्या अनुदानावर उभी आहे. ती योजना २०२६-२७ पर्यंतची. पुढे काय हे जाहीर होण्याआधी कर्ज काढून एजन्सी घेऊ नये, एवढं मी त्यांना सांगतो. स्मार्ट मीटर बसवण्याच्या भरतीचंही तसंच: शेवटचा मीटर बसला की ते काम संपलं.

आता नोकरी कुणाच्या नावावर, हा प्रश्न. अमळनेरकडच्या आमच्या एका विद्यार्थ्याने चार महिने पॅनेलमागे पैसे या हिशेबाने काम केलं. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, काम संपल्यावर अनुभवाचा दाखलाही नाही, कारण ज्याने पैसे दिले तो उपकंत्राटदाराचा मुकादम. मूळ कंपनीच्या कागदावर हा मुलगा कधी नव्हताच. वायरमन परवान्यासाठी किंवा पुढे पर्यवेक्षक परवान्यासाठी अनुभव दाखवायचा तर तो आणायचा कुठून? शिकाऊ उमेदवार कायद्याने तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. पण प्रकल्प पाच उपकंत्राटदारांत वाटला की एकाकडेही तीस माणसं भरत नाहीत आणि बंधन गळून पडतं. वीज खरेदी करारात शिकाऊंची आणि अनुभव दाखल्याची जबाबदारी मूळ विकासकावर टाकली, तर ही पळवाट एका कलमाने बंद होते.

याच्या शेजारी महावितरणची भरती पाहा. विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. त्यात तीन वर्षं ठोक मानधनाची, पहिल्या वर्षी महिना १५ हजार, हे छापलेलं होतं; पुढे तंत्रज्ञ म्हणून सामावून घेण्याचा मार्गही छापलेला होता. मानधन थोडं आहे, काम जोखमीचं आहे, पण मुलाला काय मिळणार ते आधी कळलं. सौर प्रकल्पांच्या बाबतीत मी एवढंच मागतो आहे.

प्रत्येक प्रकल्पाच्या फाटकावर क्षमता, विकासकाचं नाव आणि खर्च लिहिलेला फलक असतो. त्यावर आणखी तीन ओळी लिहायला लावा: उभारणीला किती माणसं आणि किती महिने, सुरू झाल्यावर कायम किती माणसं आणि कोणत्या पदावर, आणि त्यांचा पगार कोणत्या कंपनीच्या खात्यातून. तीच माहिती तालुकावार एकत्र करून दर वर्षी मे अखेरीस, आमचे प्रवेश सुरू होण्याआधी, प्रत्येक आयटीआय आणि तंत्रनिकेतनाला पाठवा. सोलर टेक्निशियनच्या तुकड्या वाढवायच्या की तेच शिक्षक आणि तीच जागा वीजतंत्री-तारतंत्रीला ठेवून त्यात डीसीचं शिक्षण घालायचं, हे त्या कागदावरून ठरवता येईल. आज माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, कारण वीजतंत्र्याला महावितरण, महानिर्मिती, रेल्वे आणि साखर कारखान्याची दारं उघडी राहतात. आपला कागद उलटं सांगत असेल, तर मी पुढच्याच वर्षी सोलरची तुकडी मागेन.

जूनच्या आत यातलं काय होऊ शकेल, हे आपल्या कार्यालयांनी कळवावं. प्रवेशाच्या खिडकीवर मी ते पत्र लावीन.

आपला,
एक शिल्पनिदेशक, वीजतंत्री
जळगाव जिल्हा